हॉजकिन लिम्फोमा: राक्षसपेशी, रात्रीचा घाम, खाज आणि इतर लिम्फोमांपासूनचे वेगळेपण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लिम्फोमा म्हणजे नेमके काय, आणि हॉजकिन लिम्फोमा त्यात कोठे बसतो?

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हा अनुभव बहुतेक घरांत असतो. ती सुजलेली गाठ म्हणजे लसिका ग्रंथी. मान, काखा, जांघा, छातीचा मध्यभाग आणि पोटाची मागची बाजू अशा ठिकाणी या ग्रंथी असतात. जंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे वाढतात आणि तयार होतात. या लिम्फोसाइट पेशींपैकीच एखादी बिघडून अनिर्बंध वाढू लागली, तर त्या कर्करोगाला लिम्फोमा म्हणतात.

लिम्फोमा हा एकच आजार नाही. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांपासून फार भिन्न आहेत. या सर्वांची ढोबळ विभागणी दोन गटांत करतात: हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन. पहिल्या गटात एकूण लिम्फोमांपैकी साधारण दहा टक्के रुग्ण येतात आणि उरलेले सर्व दुसऱ्या गटात मोडतात. म्हणजे ‘नॉन-हॉजकिन’ हे एका आजाराचे नाव नसून ‘हॉजकिन नसलेले बाकी सगळे’ एवढाच त्याचा अर्थ आहे. रिपोर्टवर फक्त ‘नॉन-हॉजकिन लिम्फोमा’ असे लिहिलेले असेल, तर निदान अर्ध्यावरच थांबले आहे असे समजावे आणि नेमका उपप्रकार विचारून घ्यावा.

एवढ्या लहान गटाला स्वतंत्र नाव का मिळाले?

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये काही मृत रुग्णांच्या शवविच्छेदनाची नोंद प्रसिद्ध केली. या रुग्णांच्या लसिका ग्रंथी आणि प्लीहा वाढलेल्या होत्या, आणि ही वाढ जंतुसंसर्गामुळे आलेली सूज नसून ग्रंथींचाच मूळ विकार आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी हे केवळ डोळ्यांनी पाहून ओळखले होते. सूक्ष्मदर्शकाचा आधार त्यात नव्हता. पुढे १८६५ मध्ये त्याच रुग्णालयातील सॅम्युएल विल्क्स यांनी या विकाराला हॉजकिन यांचे नाव दिले. जतन करून ठेवलेल्या त्या मूळ नमुन्यांपैकी काहींची तपासणी १९२६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली झाली, तेव्हा ते सगळेच हॉजकिनचे नव्हते असे आढळले. केवळ बाहेरून गाठ पाहून हा आजार ओळखता येत नाही, ही गोष्ट खुद्द हॉजकिन यांच्या नमुन्यांतच दडलेली होती.

ओळख पटवणारी खूण नंतर सापडली. व्हिएन्नामध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये, आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये, या ग्रंथींमध्ये दिसणाऱ्या एका प्रचंड पेशीचे सविस्तर वर्णन केले. हीच रीड-स्टर्नबर्ग पेशी, म्हणजे शीर्षकातील राक्षसपेशी. स्टर्नबर्ग यांच्या मते हा क्षयरोगाचाच एक वेगळा आविष्कार होता. रीड यांनी मात्र हा क्षयरोग नाही, असे ठामपणे मांडले, आणि त्यांचेच म्हणणे बरोबर ठरले. आपल्याकडे हा वाद केवळ इतिहासाचा भाग नाही, कारण टी.बी. आणि हॉजकिन यांची गल्लत आजही होते आणि त्यात रुग्णाचे मोलाचे महिने जातात. त्याविषयी पुढे विस्ताराने लिहिले आहे.

रीड-स्टर्नबर्ग पेशी दिसते तरी कशी?

लसिका ग्रंथीची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की साध्या लिम्फोसाइट पेशी जांभळ्या मोहरीच्या दाण्यांसारख्या पसरलेल्या दिसतात. त्यांच्या गर्दीत मध्येच एखादी पेशी अशी येते की नजर तिथेच थांबते. आजूबाजूच्या लिम्फोसाइटपेक्षा ती कितीतरी पट मोठी असते. तिचा व्यास वीस मायक्रॉनपासून पन्नास मायक्रॉनपर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक भरतो, तर साधी लिम्फोसाइट सात-आठ मायक्रॉनची असते. अस्सल नमुन्यात या पेशीला दोन केंद्रके असतात आणि ती आरशातील प्रतिबिंबासारखी समोरासमोर बसलेली असतात. प्रत्येक केंद्रकात एक ठसठशीत तांबूस ठिपका असतो आणि त्याभोवती फिकट वलय असते. अंधारातून घुबड रोखून पाहत असावे, तसे हे दृश्य असते, आणि म्हणूनच पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना ते ‘घुबडाचे डोळे’ म्हणून शिकवतात.

प्रत्येक पेशी अशी पुस्तकी दिसत नाही. काहींना एकच केंद्रक असते, त्यांना हॉजकिन पेशी म्हणतात. काही आक्रसून वाळलेल्या असतात. नोड्युलर स्क्लेरोसिस या उपप्रकारात ग्रंथीत तंतूंचे जाड पट्टे पडून तिचे कप्पे होतात, आणि त्या कप्प्यांतील मोठ्या पेशी मोकळ्या खळग्यात बसल्यासारख्या दिसतात. अस्सल दोन डोळ्यांची पेशी मिळावी म्हणून एकाच गाठीच्या अनेक चकत्या धीराने पाहाव्या लागतात.

ही पेशी मुळात कोणती, आणि ती इतकी मोठी कशी होते?

हे कोडे जवळजवळ शतकभर सुटले नव्हते, कारण या पेशीवर कोणत्याच कुळाची ठळक खूण सापडत नव्हती. १९९० च्या दशकात जर्मनीतील संशोधकांनी गाठीतून एकेक राक्षसपेशी वेगळी काढून तिची जनुके तपासली आणि ती बी-लिम्फोसाइट कुळातील आहे, असे सिद्ध केले. अँटिबॉडी तयार करणे हे बी-पेशीचे काम असते. ही पेशी त्या कुळात जन्मते, पण वाटेत बिघडते आणि आपल्या कुळाच्या बहुतेक खुणा गमावून बसते. अशी निकामी पेशी शरीराच्या नियमाप्रमाणे मरून जायला हवी, पण ती मरत नाही. काही रुग्णांमध्ये एपस्टीन-बार विषाणू पेशीच्या आत आढळतो, आणि तिला जगवण्यात त्याचा हात असतो. मुलांमध्ये आणि मिश्रपेशी उपप्रकारात हा विषाणू अधिक वेळा सापडतो.

तिचा आकार मोठा होतो तो विभाजन अपुरे राहिल्यामुळे. केंद्रक दोन होतात, पण पेशी पुरती दुभंगत नाही, किंवा विलग होऊ लागलेल्या दोन कन्यापेशी पुन्हा एक होतात.

गाठीत कर्कपेशी थोड्याच असतात असे ऐकले आहे. मग गाठ एवढी मोठी कशी?

हा प्रश्न नीट समजून घेतला तर घाम, खाज, निदानातील चुका आणि उपचारांतील फरक या सगळ्यांची संगती लागते, म्हणून त्यावर थोडे थांबू.

इतर बहुतेक लिम्फोमांमध्ये गाठ म्हणजे कर्कपेशींचाच ढीग असतो. हॉजकिनमध्ये परिस्थिती उलटी असते. राक्षसपेशी बहुधा शेकडा एक-दोन, कधी त्याहूनही कमी असतात, आणि उरलेली सारी गाठ निरोगी पेशींची असते: टी-लिम्फोसाइट, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी, मॅक्रोफेज आणि तंतू तयार करणाऱ्या पेशी. लग्नघरी यजमान चार-दोन आणि मांडव पाहुण्यांनी भरलेला, तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच, की येथे यजमानच पाहुण्यांना सतत सांगावा धाडत असतो. राक्षसपेशी सायटोकाइन आणि केमोकाइन नावाची रसायने सोडते. त्यांपैकी काही विशिष्ट टी-पेशींना खेचून आणतात, काही इओसिनोफिल बोलावतात, तर काही तंतूंची वाढ करवतात. जमलेल्या पेशी उलट तिलाच जगण्यासाठी लागणारे संकेत पुरवतात. शिवाय तिच्या पृष्ठभागावर पीडी-एल-१ नावाचे प्रथिन भरपूर असते, आणि त्याच्या जोरावर ती मारेकरी टी-पेशींना निष्क्रिय करते. त्यामुळे प्रतिकारशक्तीचे सैन्य तिच्याभोवती गोळा झालेले असते, पण तिच्यावर हल्ला करत नाही.

ही रसायने गाठीतच राहत नाहीत, ती रक्तात उतरतात. ताप, घाम, वजनातील घट आणि रक्ततपासणीत दाह दाखवणारा वाढलेला ईएसआर यांचा उगम मुख्यतः तेथे आहे. म्हणूनच गाठ लहान असूनही माणूस खंगलेला असू शकतो, आणि उलट छातीत मोठी गाठ असूनही त्याला कसलाच त्रास नसतो.

हॉजकिन आणि इतर लिम्फोमा यांत रुग्णाला जाणवेल असा फरक कोणता?

पहिला फरक पसरण्याच्या रीतीचा. हॉजकिन एका ग्रंथीसमूहातून शेजारच्या समूहात, पायरी पायरीने जातो. बहुतेकदा सुरुवात मानेत किंवा हंसळीच्या हाडावर होते, तेथून तो छातीच्या मध्यभागात, पुढे पोटाच्या मागच्या ग्रंथींत आणि प्लीहेत जातो. इतर लिम्फोमा असा क्रम पाळत नाहीत. ते एकाच वेळी मान, जांघ आणि पोट अशा दूरदूरच्या ठिकाणी असू शकतात, आणि टॉन्सिल, आतडे, जठर, त्वचा किंवा मेंदू येथेही सुरू होतात. घशातील टॉन्सिल एका बाजूला वाढला आहे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला गाठ आली आहे, असे असल्यास तज्ज्ञाचे मन आधी नॉन-हॉजकिनकडे वळते.

दुसरा फरक वयाचा. हॉजकिन तरुणांमध्ये, साधारण पंधरा ते पस्तीस वयात, आणि पुन्हा पंचावन्नच्या पुढे अधिक दिसतो. भारतात तो लहान मुलांमध्येही ठळकपणे आढळतो. नॉन-हॉजकिनचे बहुतेक प्रकार वय वाढेल तसे वाढत जातात, मात्र बर्किट लिम्फोमासारखे काही प्रकार मुलांचेच आहेत.

तिसरा फरक वेगाचा. बर्किटची गाठ काही दिवसांत दुप्पट होऊ शकते, आणि तेथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो. फॉलिक्युलर लिम्फोमा याच्या अगदी उलट. तो वर्षानुवर्षे मंद चालतो आणि काही रुग्णांना लगेच औषधही देत नाहीत. सर्वांत जास्त आढळणारा डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा आठवड्या-महिन्यांत वाढतो. हॉजकिनची गाठ महिन्यांच्या हिशेबाने वाढते, मध्येच थोडी कमी झाल्यासारखी वाटते आणि पुन्हा वाढते. या चढउतारामुळेच ‘औषधाने फरक पडला’ असा चुकीचा समज सहज होतो.

हाताला हॉजकिनची गाठ रबरासारखी, दुखत नसलेली आणि बहुधा सुटी लागते. तरीही वरील सर्व फरक केवळ शंका कोणत्या दिशेला न्यावी हे सांगतात. निदान स्लाइडवरच होते.

स्लाइडवर ही पेशी दिसली म्हणजे निदान पक्के झाले का?

नाही. तिच्यासारख्या दिसणाऱ्या पेशी इतरत्रही सापडतात. एपस्टीन-बार विषाणूच्या ताज्या संसर्गात, म्हणजे संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिसमध्ये, सुजलेल्या ग्रंथीत हुबेहूब तशा पेशी येऊ शकतात. अॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा आणि काही टी-सेल लिम्फोमांमध्येही त्या दिसतात. म्हणून पॅथॉलॉजिस्ट दोन गोष्टी पाहतात. पहिली म्हणजे ती पेशी कोणत्या सोबत्यांमध्ये बसली आहे. वर सांगितलेली मिश्र गर्दी नसेल तर एकट्या राक्षसपेशीवर हॉजकिनचे निदान करत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे आयएचसी, अर्थात पेशीवरील खुणांना रंग देणारी तपासणी. नेहमीच्या हॉजकिनमध्ये राक्षसपेशीवर सीडी-३० ही खूण ठळक उमटते, बहुतेक रुग्णांत सीडी-१५ देखील उमटते, पॅक्स-५ फिकट दिसते, आणि सर्व पांढऱ्या पेशींवर असणारी सीडी-४५ मात्र दिसत नाही. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमात सीडी-२० आणि सीडी-४५ दोन्ही ठळक असतात. रिपोर्टमध्ये केवळ ‘सीडी-३० पॉझिटिव्ह’ लिहिलेले वाचून कोणी निष्कर्ष काढू नये, कारण अॅनाप्लास्टिक लिम्फोमातही ती तितकीच ठळक असते. क्वचित एखाद्या गाठीत हॉजकिन आणि लार्ज बी-सेल या दोहोंच्या खुणा मिसळलेल्या असतात. अशा वेळी स्लाइड आणि मेणातील ब्लॉक दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडे पाठवणे हीच योग्य वाट आहे.

रात्रीचा घाम नेमका किती आला तर तो ‘लक्षण’ मानायचा?

उन्हाळ्यात वीज गेल्यावर येणारा घाम, जाड पांघरूण घेतल्याने येणारा घाम किंवा मानेमागे आलेला ओलावा यांना येथे मोजत नाहीत. डॉक्टर ज्या घामाबद्दल विचारतात तो असा असतो की झोपेतून जाग येते, अंगावरचा सदरा पिळून काढण्याइतका भिजलेला असतो, उशीचा अभ्रा ओला झालेला असतो, आणि कपडे किंवा चादर बदलल्याशिवाय पुन्हा झोपता येत नाही. खोली गार असली तरी हे घडते, आणि एखाद-दुसऱ्या रात्री नव्हे, तर पुनःपुन्हा घडते. ‘रात्री घाम येतो का’ असे विचारले की बरेच जण ‘उकडतेच ना’ म्हणून सोडून देतात. ‘रात्री कपडे बदलावे लागतात का’ असे विचारले तर उत्तर नेमके मिळते, आणि पुष्कळदा ते सोबत आलेल्या आईकडून किंवा पत्नीकडून मिळते.

असा घाम येणाऱ्या बहुसंख्य लोकांना लिम्फोमा नसतो. आपल्याकडे क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो, आणि ते रास्त आहे. रजोनिवृत्ती, थायरॉइडचा अतिरेक, मधुमेहाच्या औषधाने रात्री उतरणारी साखर आणि नैराश्यावरील काही औषधे हीदेखील कारणे असतात. घामासोबत न दुखणारी गाठ, न उतरणारी कसर किंवा घटते वजन असेल, तर मात्र केवळ वाट पाहणे योग्य नाही.

‘बी लक्षणे’ म्हणजे काय?

तीन लक्षणांना हे नाव आहे: इतर कारणाशिवाय ३८ अंश सेल्सिअसपेक्षा (१००.४ फॅरनहाइट) अधिक ताप, वर वर्णन केलेला चिंब भिजवणारा रात्रीचा घाम, आणि सहा महिन्यांत मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घट. यांपैकी एक जरी असेल तर आजार किती पसरला आहे हे सांगणाऱ्या टप्प्याच्या आकड्यापुढे ‘बी’ लावतात, एकही नसेल तर ‘ए’. या अक्षराचा बी-पेशींशी काही संबंध नाही. रुग्ण आणि नातेवाईक यांचा येथे नेहमी घोटाळा होतो. ही लक्षणे इतर लिम्फोमांमध्येही येतात, पण हॉजकिनच्या टप्प्यात त्यांना विशेष वजन आहे. काही दिवस ताप, काही दिवस अगदी बरे आणि पुन्हा ताप, अशा लाटांच्या तापाला पेल-एबस्टीन ताप म्हणतात. पुस्तकांत तो प्रसिद्ध असला तरी प्रत्यक्षात क्वचितच दिसतो.

खाज या यादीत का नाही? आणि हॉजकिनची खाज वेगळी ओळखता येते का?

खाज पूर्वी टप्पा ठरवताना मोजली जात असे. १९७१ मध्ये अमेरिकेतील अॅन आर्बर येथे ठरलेल्या पद्धतीत ती वगळली गेली, कारण केवळ खाजेवरून आजाराचे पुढचे भवितव्य सांगता येत नव्हते. यादीतून ती गेली, पण रुग्णाच्या आयुष्यातून गेली नाही. कित्येकांना गाठ लक्षात येण्याच्या काही महिने आधीपासून खाज असते, आणि ती इतकी तीव्र असू शकते की झोप लागत नाही.

या खाजेचे वैशिष्ट्य असे की मुळात त्वचेवर काहीच नसते. जे दिसते ते नखांनी केलेले असते: पोटऱ्यांवर, दंडांवर, पोटावर लांबट ओरखडे, जुने काळसर व्रण, खपल्या. पाठ उघडी करून पाहावी. जेथे हात पोहोचतो तेथे ओरखडे असतात, आणि दोन खवाट्यांच्या मधला जो भाग हाताला येत नाही तो स्वच्छ असतो. पुरळ आधी आणि खाज नंतर, असा क्रम असता तर तो भागही सुटला नसता. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि कमरेभोवती बारीक पुटकुळ्या असतात, आणि घरातील आणखी कोणी ना कोणी खाजवत असते. हॉजकिनमध्ये घरात एकट्यालाच खाज असते. मलमांनी ती जात नाही, आणि अॅलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांनी फारशी कमी होत नाही, कारण तिचा मार्ग बहुधा हिस्टामिनचा नसून वर सांगितलेल्या सायटोकाइनचा असतो. ती नेमकी कोणत्या रसायनाने सुरू होते, हे पूर्णपणे उलगडलेले नाही.

पुरळ नसलेली खाज सहा आठवड्यांहून अधिक टिकली, तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, लोह आणि रक्तपेशी यांच्या तपासण्यांबरोबर छातीचा एक साधा एक्स-रे काढून घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. हॉजकिनच्या छातीतील ग्रंथी मानेत काही हाताला लागण्यापूर्वी तेथे दिसू शकतात.

एक धोका येथेच सांगायला हवा. खाज थांबत नाही म्हणून पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. त्यांनी खाज कमी होते, आणि गाठही काही काळ बसते. मग बायोप्सी केली तरी पेशी विरळ झालेल्या असल्याने निदान हाती लागत नाही. गाठ असताना, तिचे निदान होण्यापूर्वी, तातडीचे कारण नसताना स्टेरॉइड घेऊ नये.

दारू प्यायल्यावर गाठ दुखते, हे खरे आहे का?

होय, थोड्या रुग्णांमध्ये अल्प मद्यानंतरही काही मिनिटांत गाठीच्या जागी दुखू लागते. हे दुर्मिळ आहे. नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, पण असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

टी.बी. आणि हॉजकिन यांची गल्लत प्रत्यक्षात कशी होते?

पुढे दिलेले चित्र कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांच्या फायलींत जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो एकत्र मांडला आहे.

तेवीस वर्षांचा तरुण आहे, वजन ६२ किलो. जूनमध्ये पोटऱ्यांना खाज सुरू होते. पावसाळा आहे म्हणून आधी बुरशीचे आणि नंतर खरजेचे मलम लावले जाते. ऑगस्टमध्ये उजव्या हंसळीच्या हाडावर लिंबाएवढी, न दुखणारी गाठ लागते आणि संध्याकाळी कसर येऊ लागते. सुईची तपासणी होते. रिपोर्टमध्ये लिहिलेले असते की ग्रॅन्युलोमा, म्हणजे क्षयरोगात नेहमी आढळणारे दाहपेशींचे पुंजके, दिसतात, क्षयरोगाचे जंतू दिसत नाहीत, इतर तपासण्यांशी पडताळून पाहावे. गंडमाळ, म्हणजे मानेच्या ग्रंथींचा क्षयरोग, आपल्याकडे सर्रास असल्याने त्याच आधारावर टी.बी.ची औषधे सुरू होतात. पहिल्या पंधरवड्यात ताप उतरतो आणि सर्वांना हायसे वाटते. सप्टेंबरअखेर ताप परततो, गाठीशेजारी दुसरी गाठ येते, आई रात्री दोनदा चादर बदलते. ऑक्टोबरमध्ये वजन ५४ किलो भरते, म्हणजे पाच महिन्यांत जवळपास १३ टक्के घट. एक्स-रेमध्ये छातीचा मध्यभाग रुंदावलेला दिसतो. तेव्हा कोठे अख्खी गाठ काढून तपासली जाते, आणि ग्रॅन्युलोमांच्या शेजारीच राक्षसपेशी सापडतात. शरीरात आजार कोठे कोठे सक्रिय आहे हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये मान आणि छाती येथेच तो दिसतो. श्वासपटलाच्या खाली काही नसते. टप्पा ठरतो ‘दोन-बी’.

चूक कोठे झाली? सुईच्या रिपोर्टमध्ये असत्य काही नव्हते. राक्षसपेशीने जमवलेल्या गर्दीत ग्रॅन्युलोमाही होऊ शकतात, आणि सुई नेमकी तेथेच गेली. चूक झाली ती ‘जंतू दिसत नाहीत’ या शब्दांवरून पुढे जाण्यात. त्याच वेळी टी.बी.चे जंतू शोधणाऱ्या जीन एक्स्पर्ट आणि कल्चर या तपासण्या करायला हव्या होत्या, आणि त्या निगेटिव्ह आल्यावर अख्खी ग्रंथी काढायला हवी होती. टी.बी.च्या ग्रंथीही कधी कधी योग्य औषध चालू असताना आधी वाढतात, त्यामुळे गाठ वाढली म्हणजे लिम्फोमाच, असेही म्हणता येत नाही. पण जंतूचा पुरावा नसताना सुरू केलेल्या औषधांवर गाठ वाढत असेल, तर औषध बदलून पाहण्याऐवजी गाठीचा तुकडा तपासणे हे पहिले काम आहे. दोन्ही आजार एकाच रुग्णात असल्याचीही उदाहरणे आहेत.

सुईची तपासणी पुरेशी का नाही? ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ ना?

शंभर पेशींत एक-दोन कर्कपेशी असतील, तर बारीक सुईत त्या येणे हा नशिबाचा भाग ठरतो. त्या आल्या तरी ग्रंथीची रचना, तंतूंचे पट्टे आणि सोबतची गर्दी सुईत येत नाही. म्हणून शक्य असेल तेथे संपूर्ण ग्रंथी काढतात. ती छातीत खोल असेल तर जाड सुईने एकाहून अधिक तुकडे घेतात. अनेक गाठी असतील तर सर्वांत सोयीची नव्हे, तर सर्वांत मोठी किंवा पेट स्कॅनवर सर्वांत उठून दिसणारी गाठ निवडावी. जांघेत सुटी छोटी गाठ निरोगी माणसालाही असते, आणि तीच काढली तर रिपोर्ट नॉर्मल येऊन फसगत होते.

लिम्फोमाची ग्रंथी काढल्याने आजार पसरतो, ही भीती निराधार आहे. खरे नुकसान होते ते नमुना नुसता सलाइनच्या बाटलीत दिवसभर पडून राहिल्यास किंवा तो अपुऱ्या फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात, ठेवल्यास. टी.बी. कल्चरसाठी एक तुकडा फॉर्मालिनविना आणि उरलेला फॉर्मालिनमध्ये पाठवायचा असतो. ही सूचना शस्त्रक्रियेपूर्वीच देऊन ठेवावी.

रिपोर्टमध्ये ‘नोड्युलर लिम्फोसाइट प्रिडॉमिनंट’ लिहिले आहे. हा तोच आजार आहे का?

नावात हॉजकिन असले तरी हा वेगळा आहे. यात घुबडाच्या डोळ्यांऐवजी मक्याच्या लाहीसारख्या घडीदार केंद्रकाच्या पेशी असतात, त्यांच्यावर सीडी-२० ठळक असते, आणि सीडी-१५ व सीडी-३० सहसा नसतात. तो मंद चालतो आणि त्यात बी लक्षणे क्वचित येतात. २०२२ च्या एका आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने त्याच्या नावातून हॉजकिन शब्दच काढून टाकला आहे.

नेमका प्रकार कळल्याने उपचारांत काय बदलते?

औषधेच बदलतात. हॉजकिनसाठी अनेक वर्षे वापरात असलेली एबीव्हीडी ही चार औषधांची योजना दर पंधरा दिवसांनी देतात. दोन डोस मिळून एक सायकल होते, आणि दोन सायकलनंतर पेट स्कॅन करून प्रतिसाद पाहतात. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमात सहसा आर-चॉप ही योजना एकवीस दिवसांनी देतात. त्यातील ‘आर’ म्हणजे सीडी-२० वर बसणारे रिटुक्सिमॅब, आणि नेहमीच्या हॉजकिनच्या राक्षसपेशीवर ती खूण बहुधा नसल्याने तेथे त्याचा उपयोग होत नाही. उलट सीडी-३० वर नेम धरणारे ब्रेंटुक्सिमॅब आणि पीडी-एल-१ टी-पेशीवरील ज्या पीडी-१ ला पकडून तिला निष्क्रिय करते, त्याचा अडसर काढणारे निव्होलुमॅब ही नवी औषधे हॉजकिनमध्ये प्रभावी ठरतात. राक्षसपेशीच्या ज्या खुणा निदानासाठी पाहिल्या जातात, त्याच आता औषधाचे लक्ष्य झाल्या आहेत. हॉजकिनचे बहुसंख्य रुग्ण, पुढच्या टप्प्यातले असले तरी, पूर्ण बरे होतात.

उपचार सुरू झाल्यावर घाम आणि खाज कधी थांबतात? पुन्हा सुरू झाल्यास काय समजावे?

औषध लागू पडले तर पहिल्या एक-दोन डोसनंतरच रात्रीचा घाम थांबतो आणि खाजही झपाट्याने ओसरते. महिनोन्‌महिने न झोपलेला रुग्ण दुसऱ्या डोसला येताना ‘रात्रभर झोपलो’ असे सांगतो, ते स्कॅनच्या आधी मिळालेले उत्तर असते. जुने काळे व्रण फिकट व्हायला मात्र काही महिने लागतात.

उपचार संपल्यानंतर तीच खाज, त्याच जागी, पुरळाविना परत आली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवून यावे. प्रत्येक खाज म्हणजे आजार उलटला असे नाही. कोरडी त्वचा आणि औषधांचे परिणामही असतात. आणि आजार उलटल्याची शंका स्कॅनमध्ये आली, तरी शक्य असेल तेथे पुन्हा बायोप्सी करूनच उपचार बदलतात, कारण पेट स्कॅनवर चकाकणारी गाठ टी.बी.चीही असू शकते.